कीर्तन रंगात असताना नेट गेलं तर: दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट आधीपासून कसा तयार ठेवावा

चोपडा तालुक्यातल्या एका गावात हरिनाम सप्ताहाचं कीर्तन लाइव्ह दाखवत होतो. रात्री नऊला सुरू झालं. पाऊण तासाने फायबरची लाइन गेली आणि माझ्या खिशातला फोन वाजायला लागला. सुरतहून गावातलाच एक मुलगा: "काय व्हयनं भो? काहीच दखास नही." खान्देशातल्या निम्म्या गावांचं एक बिऱ्हाड सुरतेत असतं, आणि सप्ताह बघायला तेच सगळ्यात आधी लिंक उघडून बसतात.

माझ्याकडे दुसरा फोन होता, त्यात डेटाही होता. तरी लाइव्ह परत उभं करायला मला सहा मिनिटं लागली. तोवर यूट्यूबने पहिलं लाइव्ह बंद करून टाकलं होतं. नवी लिंक गावाच्या ग्रुपवर टाकली, पण परत आलेली माणसं निम्मीच. फोन जवळ असणं आणि तो तयार असणं यात किती अंतर आहे, ते त्या रात्री कळलं. पुढच्या वर्षी त्याच मंदिरात लाइन पुन्हा गेली तेव्हा खंड पडला अर्ध्या मिनिटापेक्षा कमी. ही सगळी तयारी त्या दुसऱ्या वर्षाची आहे. माझी मांडणी अशी: विंडोज लॅपटॉप, त्यावर लाइव्ह पाठवणारं ओबीएस हे सॉफ्टवेअर, समोर यूट्यूब, मुख्य नेट फायबरच्या राउटरमधून लॅन केबलने, आणि दुसरा अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडलेला.

आधी एक गैरसमज

बऱ्याच जणांना वाटतं, हॉटस्पॉट चालू ठेवला की मेन नेट गेल्यावर लॅपटॉप आपोआप तिकडे वळेल आणि बघणाऱ्याला कळणारही नाही. दोन्ही चूक.

ओबीएस यूट्यूबला जो प्रवाह पाठवतं, तो एकाच जोडणीतून जातो आणि ती जोडणी तुमच्या त्या वेळच्या आयपी पत्त्याला बांधलेली असते. नेट बदललं की पत्ता बदलतो, जोडणी तुटते आणि नवी बांधावी लागते. म्हणजे काही सेकंदांचा खंड पडणारच. दोन नेट एकत्र विणून खंड टाळणारी सॉफ्टवेअर मिळतात, पण त्यांचं भाडं आणि कटकट गावच्या कीर्तनाला परवडत नाही. आपल्याला तो खंड लहान ठेवायचा आहे, आणि लाइव्ह त्याच लिंकवर चालू ठेवायचं आहे.

दुसरी गोष्ट आपोआप वळण्याची. लाइन खांबावर किंवा रस्त्याच्या खोदकामात तुटते, पण राउटर तुमच्या शेजारी इन्व्हर्टरवर मजेत चालू असतो. लॅपटॉपच्या दृष्टीने केबल जोडलेली आहे, पलीकडे राउटर उत्तर देतोय, मग रस्ता बदलायचा कशाला? ओबीएस त्या मेलेल्या रस्त्यानेच पुन्हा पुन्हा धडका मारत राहतं. माझी पहिल्या वर्षीची सहा मिनिटं यातच गेली. हॉटस्पॉट जोडलेला होता आणि मी ओबीएसला शिव्या घालत होतो.

सिम आणि डेटा

दुसऱ्या फोनमधलं सिम मुख्य नेटच्या कंपनीचं नको. एकाच कंपनीचा फायबर आणि एकाच कंपनीचा टॉवर बऱ्याचदा एकाच वायरीवर अवलंबून असतात. जेसीबीने ती तोडली की दोन्ही एकदम बसतात. गावात कोणत्या कंपनीची रेंज चांगली हे गावकऱ्यांना विचारा, पण शेवटचा शब्द मोजणीचा.

मोजणी कार्यक्रमाच्या जागी करायची आणि कार्यक्रमाच्या वेळी. दुपारी दोनला रिकाम्या मंडपात घेतलेला आकडा रात्री नऊला उपयोगाचा नाही. हजार माणसं जमतात, निम्म्यांच्या हातात फोन असतो आणि टॉवर एकच असतो. सप्ताहात हे सोपं आहे, कारण आदल्या रात्रीही कीर्तन असतंच. तेव्हा जाऊन पाच-सहा वेळा स्पीड टेस्ट करा आणि फक्त अपलोडचा आकडा लिहून ठेवा. डाउनलोड 40 आलं म्हणून खूश होऊ नका, लाइव्हला त्याचा काही उपयोग नाही. सगळ्यात लहान अपलोड आकडा धरा, त्याचा निम्मा करा. तेवढाच बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवायचा डेटा, त्या फोनला झेपतो.

माझ्या मोजणीत पत्र्याच्या सभामंडपाखाली 1.6 एमबीपीएस आलं आणि तिथून चार पावलांवर, उघड्या खिडकीत, कमीत कमी 4.2. पत्रा रेंज खातो. जुन्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंतीही खातात. मी लॅपटॉपचं टेबलच खिडकीजवळ सरकवलं आणि 3 मीटरची चांगली यूएसबी केबल घेतली. 4.2 चा निम्मा साधारण 2 एमबीपीएस, म्हणून ओबीएसमध्ये बिटरेट ठेवला 2000 केबीपीएस, चित्र 720p, 30 फ्रेम.

मुख्य फायबरवर 6000 सहज चाललं असतं, हे खरं. तरी मी पूर्ण कार्यक्रम 2000 वरच चालवतो. लाइन गेली त्या क्षणी सेटिंग उघडून आकडे बदलायला हात मोकळा नसतो आणि डोकंही जागेवर नसतं. महाराज एका जागी उभे, मागे टाळकरी. अशा चित्राला 2000 पुरतं. कुस्तीची दंगल किंवा सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे दाखवायचे असतील तर इतक्या बिटरेटला चित्र फुटेल. तिथे चांगली रेंज शोधण्यावर जास्त मेहनत घ्यावी लागते.

आता डेटा. 2000 चा व्हिडिओ आणि 128 चा आवाज मिळून तासाला साधारण 1 जीबी जातो. हा हिशोब तोंडपाठ ठेवा. रोज 1.5 जीबीच्या पॅकवर दीड तास निघतो, आणि त्यानंतर नेट बंद पडत नाही, ते 64 केबीपीएसवर येतं. हे जास्त वाईट, कारण फोनवर सगळं ठीक दिसतं आणि लाइव्ह मात्र गुदमरतं. रोजचा कोटा रात्री बाराला भरतो, कीर्तन अकराला संपतं. त्यामुळे त्या नव्या कोट्याचा आपल्याला उपयोग नाही. कार्यक्रमाच्या दिवशी डेटा व्हाउचर टाकून घ्या. आणि त्या दिवशी तो फोन पोरांच्या हाती देऊ नका.

फोनमध्ये सिम एकच ठेवा. दोन सिम असली की दुसऱ्या नंबरवर कॉल आल्यावर बऱ्याच फोनमध्ये पहिल्या सिमचा डेटा थांबतो. आणि तो एक नंबरही कोणाला माहीत नसलेला असला तर उत्तम. माझा तो नंबर घरच्यांनाही माहीत नाही, यावरून घरी एकदा चौकशी झाली आहे.

केबल की वाय-फाय

फोन लॅपटॉपला यूएसबी टेदरिंगने जोडावा की वाय-फाय हॉटस्पॉटने? मी केबलच्या बाजूचा आहे. मंडपात शेकडो फोनचे वाय-फाय चालू असतात आणि 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा गजबजलेला असतो. केबलला त्याचं काही नाही. शिवाय फोन चार्ज होत राहतो, आणि कोणी जोडलेलं नाही म्हणून हॉटस्पॉट स्वतःहून बंद होण्याचा प्रश्न येत नाही. रेंज फक्त गच्चीवर मिळत असेल, तर मात्र केबल तिथवर पोचणार नाही. मग फोन वर ठेवून वाय-फाय हॉटस्पॉट वापरा, फोनमधलं `Turn off hotspot automatically` बंद करा आणि गच्चीवर एक भरवशाचा माणूस बसवा.

यूएसबी टेदरिंगमध्ये एक सापळा आहे, आणि त्यात मी स्वतः अडकलोय. दुसरा फोन मंदिराच्या वाय-फायला जोडलेला असेल, तर टेदरिंगमधून लॅपटॉपला मोबाइल डेटा मिळत नाही, तेच वाय-फाय मिळतं. चाचणीत सगळं छान चालतं. खरी लाइन गेली की मुख्य नेट आणि पर्याय दोन्ही एकाच क्षणी मरतात. म्हणून दुसऱ्या फोनचं वाय-फाय बंद, डेटा सेव्हर बंद, मोबाइल डेटा चालू. त्यानंतरच `USB tethering` चालू करायचं.

उन्हाचंही सांगून ठेवतो. एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 ला जातो. दिवसाच्या कार्यक्रमात खिडकीतला फोन डेटा पाठवतोय, चार्ज होतोय आणि वरून ऊन खातोय, अशी गत झाली तर तो तापून वेग कमी करतो किंवा सरळ बंद पडतो. कव्हर काढा, सावलीत ठेवा, पंख्याचा वारा लागू द्या. बर्फाची पिशवी नको. फोनला पाणी सुटतं.

विंडोजला मुख्य रस्ता कोणता ते सांगणं

लॅन केबल आणि फोन दोन्ही जोडले की विंडोजला दोन रस्ते दिसतात. टेदरिंगचा फोनही त्याला इथरनेटच वाटतो. त्यामुळे कधी कधी पहिल्या मिनिटापासूनच लाइव्ह गुपचूप फोनमधून जाऊ लागतं. तुम्ही निवांत असता आणि दीड तासाने कोटा संपतो. हे टाळायला लॅनला पहिला क्रमांक द्यायचा. पॉवरशेल अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ही आज्ञा द्या:

```
Set-NetIPInterface -InterfaceAlias "Ethernet" -InterfaceMetric 5
```

आकडा जितका लहान, तितकी पसंती जास्त. फोनच्या जोडणीला विंडोज स्वतः देतो तो आकडा सहसा यापेक्षा मोठा असतो. नीट बसलं का ते असं बघा:

```
Get-NetIPInterface -ConnectionState Connected
```

इथे दोन्ही जोडण्यांची नावं आणि `InterfaceMetric` चे आकडे दिसतात. लॅनचं नाव तुमच्याकडे वेगळं असेल तर पहिल्या आज्ञेत तेच घाला. फोनच्या जोडणीला आकडा देत बसू नका, कारण यूएसबीचं भोक बदललं की तिचं नाव `Ethernet 2` चं `Ethernet 3` होऊ शकतं. लॅनचं नाव सहसा बदलत नाही.

मग टास्क मॅनेजरमध्ये `Performance` उघडा. चाचणीचं लाइव्ह चालू असताना `Send` चा आकडा लॅनवर हलला पाहिजे आणि फोनवर जवळजवळ शून्य असला पाहिजे. याच बैठकीत विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये फोनच्या जोडणीला `Metered connection` चालू करा. नाहीतर नेट गेल्या गेल्या विंडोज अपडेट तुमच्या व्हाउचरवर ताव मारेल.

ओबीएस आणि यूट्यूब

ओबीएसच्या `Settings` मध्ये `Advanced` उघडा. `Automatically Reconnect` चालू असू द्या, `Retry Delay` 2 सेकंद. त्याच पानावर `Bind to IP` आहे, ते `Default` च राहू द्या. तिथे कोणी हौसेने लॅनचा पत्ता निवडून ठेवला असेल, तर फोनचं नेट समोर असूनही ओबीएस त्याला हात लावणार नाही. `Dynamically change bitrate to manage congestion` चालू ठेवा. टॉवरवर गर्दी वाढली तर चित्र जरा मऊ होईल, पण अडकणार नाही.

लाइव्हसोबत `Start Recording` नेहमी दाबा. लाइव्हला भोक पडलं तरी लॅपटॉपवरची फाइल सलग राहते.

यूट्यूबच्या लाइव्ह कंट्रोल रूममध्ये `Auto-stop` बंद करा. चालू असेल तर प्रवाह तुटल्यावर यूट्यूब समजतं की कार्यक्रम संपला, आणि लाइव्ह मिटवून टाकतं. पहिल्या वर्षी माझं हेच झालं. बंद असेल तर लिंक जिवंत राहते, बघणाऱ्याचं चित्र थांबतं आणि तुम्ही परत आलात की पुढे सरकतं. शेवटी `End stream` स्वतः दाबायला मात्र विसरू नका, नाहीतर मंदिर रिकामं झाल्यावर झाडू मारणारा माणूस सुरतेत दिसत राहील. लेटन्सी, म्हणजे चित्र बघणाऱ्यापर्यंत पोचायला लागणारा उशीर, `Normal` ठेवा. कीर्तनात प्रेक्षकांशी गप्पा मारायच्या नसतात, घाई कशाला?

रंगीत तालीम

आदल्या दिवशी एक खाजगी लाइव्ह सुरू करा आणि नेट खरोखर तोडून बघा. पण लॅपटॉपची लॅन केबल काढून सुरुवात करू नका, ती सोपी परीक्षा आहे. आपल्याला हवी ती स्थिती म्हणजे राउटर चालू आणि लाइन मेलेली. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर त्या दोघांमधली केबल काढा. डबा एकच असेल तर पिवळी बारीक फायबर वायर उपसू नका. टोकाला धूळ बसली तर खरंच लाइन जाईल. अशा वेळी तालमीपुरतं लॅन केबल काढण्यावर भागवा.

राउटर चालू ठेवून तोडलं की ओबीएसच्या तळाची पट्टी बघा. बिटरेटचा आकडा शून्याकडे जातो, हिरवी खूण लाल होते आणि सुटलेल्या फ्रेमचा आकडा चढत जातो. बराच वेळ ओबीएस "तुटलं" असं म्हणतही नाही. ही खूण डोळ्यांत बसवायची आहे. आता लॅपटॉपची लॅन केबल उपटा. विंडोजच्या हाती एकच रस्ता उरतो, जुनी जोडणी सहसा लगेच तुटते आणि ओबीएस फोनमधून नवी बांधतं. घड्याळ लावून बघा. माझ्या तालमीत पहिल्यांदा 40 सेकंद लागले, तिसऱ्यांदा 20.

खरी रात्र

दुसऱ्या वर्षी 9 वाजून 40 मिनिटांनी ओबीएसची खूण लाल झाली. मी दहापर्यंत अंक मोजतो, कारण क्षणभराची अडचण असेल तर तेवढ्यात निवळते. नाही निवळली. मान वळवून फायबरच्या डब्याकडे पाहिलं: `LOS` चा लाल दिवा लुकलुकत होता. याचा अर्थ वायरीतून प्रकाशच येत नाही, राउटर बंद-चालू करून काही होणार नाही. लाल दिवा नसता तरी मी राउटरशी खेळत बसलो नसतो. आधी रस्ता बदलायचा, चौकशी नंतर.

केबल उपटली. ओबीएसवर पुन्हा जोडत असल्याची सूचना आली, दोन प्रयत्न वाया गेले, मग खूण हिरवी झाली. बाजूच्या खुर्चीतल्या पोराला मी स्वतःच्या फोनवर, मोबाइल डेटावर लिंक उघडून बसवलं होतं. त्याने अंगठा वर केला तेव्हा खंड 25 सेकंदांचा झाला होता.

केबल उपटायला उशीर केला तर एक अडचण येते. ओबीएसचे प्रयत्न फसत गेले की दोन प्रयत्नांमधला वेळ वाढत जातो. मग रस्ता मोकळा झाला तरी ते थांबून बसतं. वीसेक सेकंदांत जोडलं गेलं नाही तर वाट बघू नका. `Stop Streaming` दाबा आणि लगेच `Start Streaming`. यूट्यूबने लाइव्हसाठी दिलेली स्ट्रीम की तीच आणि `Auto-stop` बंद, त्यामुळे लाइव्ह त्याच लिंकवर पुढे चालतं. तरीही नाही जमलं तर दुसऱ्या फोनकडे बघा: टेदरिंग सुटलंय का, 4जी चं चिन्ह आहे का, कोटा संपलाय का. याच क्रमाने.

मग मी हिशोब केला. कीर्तन अकराला संपणार, आरतीसह सव्वाअकरा; म्हणजे 95 मिनिटं, दीड जीबीच्या जरा वर. रोजच्या 1.5 जीबीतले 200 एमबी चाचणीतच गेले होते. नुसत्या पॅकवर राहिलो असतो तर आरतीच्या वेळी लाइव्ह 64 केबीपीएसवर आलं असतं. व्हाउचर टाकलेलं होतं म्हणून बसून राहिलो.

साडेदहाला ट्रस्टी आले. म्हणाले, "भाऊ, वायरवाल्याने जोडून दिलं, लावा परत केबल." मी नाही म्हटलं. परत जायचं तर पुन्हा खंड, आणि नुकती जोडलेली लाइन पुन्हा जाणार नाही याची हमी कोण देणार? चालतंय ते चालू द्यावं. डेटा खरंच कमी पडत असता तर अभंग संपून महाराज पाणी पितात तेवढ्या फटीत बदल केला असता, निरूपण रंगात असताना कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवरची सलग फाइल वेगळी चढवली आणि तिची लिंक लाइव्हच्या खाली दिली. सुरतच्या त्या पोराने तेवढे 25 सेकंदच शोधून बघितले म्हणे.